खोडलेले ३००० : एका सॅकच्या सेलचं प्रकरण

सॅक १९५० ला लावली होती. शेजारी ३००० खोडलेले आणि फोटोच्या कोपऱ्यात लाल पट्टी, ३५ टक्के सूट. सेलच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाचा मेल आला, दोन-तीन ओळींचा. "हीच सॅक मी पाच आठवड्यांपूर्वी २४०० ला घेतली. तेव्हा कुठलाही सेल चालू नव्हता. मग ती ३००० ला कधी होती?" खाली जुन्या ऑर्डरची पावती जोडलेली.

या ऑनलाइन दुकानाचं तांत्रिक काम मी बघतो. दुकान लहान आहे, वूकॉमर्स या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि किमती मालकीणबाई स्वतःच्या हाताने भरतात. मेल त्यांनी मला पुढे पाठवला आणि वर एकच वाक्य लिहिलं, "३००० मी लावली होती, पण फसवायला नाही हो." दुकान कुठलं हे सांगत नाही. आकडेही मुद्दाम चलनाशिवाय देतो आहे, कारण प्रश्न कुठल्याही चलनात हाच राहतो.

झालं होतं ते असं. पुरवठादाराने कळवलं की पुढची खेप महाग पडणार. मालकीणबाईंनी त्याच दिवशी सॅकची किंमत २४०० वरून ३००० केली. आठवडाभराने लक्षात आलं की जुना माल अजून बराच पडून आहे, म्हणून सेल ठरला आणि सॅकला १९५० हा आकडा दिला. ३००० खोडून दाखवायचे असा निर्णय कोणीही घेतला नव्हता. वूकॉमर्समध्ये वस्तूच्या दोन किमती साठवलेल्या असतात, `_regular_price` आणि `_sale_price`. दुसऱ्या किमतीचा रकाना भरला की पहिलीवर रेघ आपोआप पडते. पहिलीत त्या घडीला जे असेल ते खोडलं जातं, मग ते वर्षभर असो की कालपासून.

सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. खोडलेली किंमत म्हणजे भूतकाळाबद्दल केलेलं विधान असतं: "आत्ता-आत्तापर्यंत आम्ही ही वस्तू या किमतीला विकत होतो." वाचणारा ते तसंच वाचतो. पण ते विधान ज्या रकान्यातून येतं त्याला भूतकाळ ठाऊकच नसतो. त्यात एकच आकडा मावतो, आणि नवा भरला की जुना नाहीसा होतो. म्हणून हेतू स्वच्छ असला तरी विधान खोटं निघू शकतं, आणि गिऱ्हाइकाला हेतू दिसत नाही, आकडा दिसतो.

त्या दिवशी आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्या ६४ वस्तूंवरची रेघ आणि टक्क्यांची पट्टी काढली. विक्रीच्या किमती तशाच ठेवल्या. मालकीणबाईंचं म्हणणं होतं की ३००० च्या जागी गुपचूप २४०० टाकू या. मला ते पटलं नाही. २४०० बरोबर आहे हे तरी आपण कशावरून म्हणतो? एका गिऱ्हाइकाच्या पावतीवरून? बाकीच्या ६३ वस्तूंचं काय? आधी इतिहास हातात हवा, मग रेघ.

इतिहास मात्र कुठे लिहून ठेवलेला नव्हता. तो ऑर्डरींमधून उकरून काढावा लागला. प्रत्येक ऑर्डरच्या ओळीत त्या वेळी लागलेली रक्कम कायम राहते, वस्तूची किंमत नंतर बदलली तरी. तिथे दोन आकडे असतात, `_line_subtotal` आणि `_line_total`. पहिला कूपन लागण्याआधीचा, दुसरा कूपन वजा जाता. मी घाईत दुसरा उचलला आणि यादीत सॅक कधी एका, कधी दुसऱ्याच किमतीला विकलेली दिसू लागली. ती सगळी व्यक्तिगत कूपनं होती, दर्शनी किंमत नव्हे. मग पहिला घेतला, तर सगळेच आकडे पानावर दिसायचे त्यापेक्षा कमी. दोन्ही रकाने कर सोडून असतात, कराची रक्कम `_line_subtotal_tax` मध्ये वेगळी पडते. ती मिळवली आणि एका ऑर्डरमध्ये दोन नग असतील तिथे नगांच्या संख्येने भागलं, तेव्हा कुठे पावतीवरचा २४०० आणि माझ्या यादीतला २४०० जुळले. ज्या दिवसांत एकही ऑर्डर नाही, तिथे डेटाबेसचे जुने बॅकअप आणि गिऱ्हाइकांना पाठवलेली पत्रकं कामाला आली.

सेल सुरू होण्याआधीच्या ९० दिवसांचं चित्र शेवटी असं उभं राहिलं:

| सेलच्या आधीचे दिवस | एकूण दिवस | किंमत |
|---|---|---|
| ९० ते २९ | ६२ | २४०० |
| २८ ते २४ | ५ | २१५० |
| २३ ते १० | १४ | २४०० |
| ९ ते १ | ९ | ३००० |

मधली २१५० ची ओळ आम्ही दोघेही विसरलो होतो. एक छोटा, पाच दिवसांचा सेल होऊन गेला होता.

आता खोडायचं काय? तीन उमेदवार आहेत. ३००० धरले तर १९५० ही ३५ टक्के सूट होते. २४०० धरले तर जेमतेम १९ टक्के. २१५० धरले तर ९ टक्के. वस्तू तीच, विक्रीची किंमत तीच, फक्त तुलना कशाशी करायची ते बदललं.

३००० लगेच बाद झाले. त्या नऊ दिवसांत दोन सॅक विकल्या गेल्या होत्या, पण केवळ विक्री कमी झाली म्हणून ती किंमत खोटी ठरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची फसव्या किमतींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं हाच भेद करतात. आधीची किंमत खरी मानायची तर ती वस्तू त्या किमतीला, नेहमीच्या व्यवहारात, बऱ्यापैकी काळ, लोकांसमोर प्रामाणिकपणे विक्रीला असावी लागते. त्या किमतीला ती प्रत्यक्ष विकली गेलीच पाहिजे असं नाही. आमचे नऊ दिवस 'बऱ्यापैकी काळ' या शब्दांत बसवायला फार ओढाताण करावी लागली असती, आणि त्याच्या आधी ७६ दिवस २४०० होते हे पाहिल्यावर ती ओढाताण करायची इच्छाही उरत नाही.

खरा वाद २४०० आणि २१५० मध्ये झाला. मालकीणबाई म्हणाल्या, "नव्वदपैकी शहात्तर दिवस मी २४०० ला विकली. हीच तिची नेहमीची किंमत. पाच दिवसांचा एक सेल केला त्याची शिक्षा मला का?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. 'नेहमीची किंमत' असं स्पष्ट लिहून २४०० खोडले असते, तर त्याला खोटं म्हणणं मला जड गेलं असतं.

दुसऱ्या बाजूला युरोपीय संघाचा नियम होता. २०१९ च्या २१६१ क्रमांकाच्या निर्देशाने किमती दाखवण्याच्या जुन्या नियमांत एक कलम घातलं, आणि ते २८ मे २०२२ पासून लागू झालं. त्यानुसार किंमत कमी केल्याचं जाहीर करताना आधीची किंमत दाखवावी लागते, आणि आधीची किंमत म्हणजे कपातीच्या आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी. पळवाट निघालीच. काही ठिकाणी ती सर्वांत कमी किंमत बारीक अक्षरांत छापायची आणि टक्के मात्र दुसऱ्याच, चढ्या आकड्यावर काढायचे, असं होऊ लागलं. २६ सप्टेंबर २०२४ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने सी-३३०/२३ या खटल्यात तो प्रश्न निकाली काढला: टक्केही त्याच सर्वांत कमी किमतीवर मोजले पाहिजेत.

आमचं दुकान तिथे माल पाठवत नाही, त्यामुळे हा नियम आमच्यावर बंधनकारक नव्हता. तरी मी तोच सुचवला, आणि कारण नैतिक कमी, व्यावहारिक जास्त होतं. 'नेहमीची किंमत' ठरवायला माणूस लागतो. ७६ दिवस पुरेसे, मग ४० चालतील का? २० चं काय? दर सेलला ६४ वस्तूंसाठी हा वाद, आणि तोही ज्याला मोठा टक्का हवा आहे त्याच्याच हातात. ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत यंत्राला काढता येते आणि तिच्यात कुणाला ढवळाढवळ करता येत नाही. शिवाय ज्याने पाच दिवसांच्या सेलमध्ये २१५० ला घेतली तोही पानावर येऊन आपला आकडा ओळखू शकतो. मालकीणबाईंनी रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाल्या, "ठीक आहे, पण मग तिथे नुसती मूळ किंमत असं लिहू नका, लोकांना वाटेल सॅक स्वस्तातलीच होती." ही सूचना माझ्यापेक्षा शहाणी निघाली. त्याबद्दल पुढे.

नियम एका वाक्याचा असला तरी तो कोडमध्ये उतरवताना मी दोनदा आपटलो. दोन्ही चुका इतक्या सहज होण्यासारख्या आहेत की सविस्तर सांगतो.

किमतींची नोंदवही म्हणून एक वेगळं टेबल केलं. किंमत बदलली की जुनी ओळ बंद होते आणि नवी उघडते. पहिल्या प्रयत्नात मी, चाचणीसाठी सेलचा पहिला दिवस 'आज' धरून, 'गेल्या ३० दिवसांत सुरू झालेल्या' ओळी शोधल्या. सॅकचं उत्तर बरोबर आलं आणि मी खूश झालो. पण ज्या वस्तूंची किंमत वर्षभर बदललीच नव्हती त्यांचं उत्तर रिकामं आलं, कारण त्यांची एकमेव ओळ वर्षापूर्वी सुरू झाली होती. म्हणजे सर्वांत स्थिर, सर्वांत प्रामाणिक किमतीच्या वस्तूंनाच रेघ मिळेना! हवं होतं ते असं, की ओळ कधीही सुरू झालेली असो, तिचा काही भाग त्या ३० दिवसांत येतो का हे पाहायचं.

दुसरी चूक जास्त लबाड होती. मी ३० दिवस 'आजपासून' मागे मोजत होतो. सेलचा पहिला दिवस 'आज' धरला तेव्हा २१५० दिसले. दुसरा दिवस धरला तर आदल्या दिवशीची १९५० ही किंमतही त्या खिडकीत शिरली, सर्वांत कमी तीच ठरली, आणि रेघ गायब. मोजणी सेल सुरू झाल्याच्या तारखेला खिळवायला हवी, आणि सेल चालू असेपर्यंत ती हलता कामा नये.

```sql
SELECT MIN(price)
FROM price_log
WHERE sku = 'BAG-20-BLK'
  AND valid_from < :sale_start
  AND COALESCE(valid_to, :sale_start)   > :sale_start - INTERVAL 30 DAY;
```

यात `sku`, म्हणजे वस्तूच्या प्रत्येक प्रकाराचा वेगळा कोड, याकडेही लक्ष द्या. काळी सॅक आणि निळी सॅक यांच्या किमती वेगळ्या असतील, तर इतिहासही वेगळाच ठेवायचा. सगळ्या रंगांमधली सर्वांत चढी किंमत खोडायची आणि सर्वांत स्वस्त रंगाची किंमत शेजारी लिहायची, हा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो आणि बहुतेक वेळा तो थीमचा, म्हणजे दुकानाची पानं मांडणाऱ्या साच्याचा, आळस असतो. गिऱ्हाइकाला मात्र तो डाव वाटतो.

टप्प्याटप्प्याने सूट वाढवायची असेल, म्हणजे या आठवड्यात १९५० आणि पुढच्या आठवड्यात १८००, तर मध्ये खंड न पडता पहिल्या कपातीच्या आधीची किंमतच खोडलेली ठेवता येते. युरोपीय निर्देशातही सदस्य देशांना तशी मुभा देण्याची सोय आहे. त्यासाठी `:sale_start` पहिल्या कपातीचीच ठेवली की झालं. पण मध्ये एक दिवस जरी पूर्ण किमतीवर गेलात, तर नवा सेल, नवी खिडकी.

कूपनांचं काय, हा प्रश्न इथे येतोच. एखाद्याला वाढदिवसाला पाठवलेलं कूपन नोंदवहीत जात नाही, ती त्याची सवलत. पण मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'हा कोड टाका, १५ टक्के कमी' असं लावलं, तर तो कोड सगळ्यांनाच मिळाला, आणि त्या दिवसांची खरी किंमत १५ टक्के कमीचीच. ती आम्ही नोंदवहीत तशी लिहितो.

हे सगळं बसवून ६४ वस्तूंवर चालवलं, तेव्हा ११ वस्तूंची सेलची किंमत त्यांच्या आधीच्या ३० दिवसांतल्या सर्वांत कमी किमतीहून जास्त निघाली. म्हणजे नियमाप्रमाणे त्यांच्यावर सूट नव्हतीच. आणखी चार वस्तू तर महिन्याभरापूर्वीच दुकानात आल्या होत्या आणि आल्यापासून, सेलमध्येही, एकाच किमतीला होत्या. त्या पंधरा वस्तू सेलच्या पानावरून काढल्या. मुखपृष्ठावर '३५ टक्क्यांपर्यंत' असं झळकत होतं, त्याचाही आधार आता गेला होता. नव्या हिशेबात सर्वांत मोठी खरी सूट २२ टक्के होती, आणि तीही एकाच वस्तूवर. 'पर्यंत' हा शब्द तांत्रिकदृष्ट्या खोटा ठरत नाही, पण एका वस्तूच्या जिवावर अख्खं पान २२ चं दाखवायला मालकीणबाईंनीच नकार दिला. त्यांनी पट्टीवर टक्के न लिहिता फक्त सेलची शेवटची तारीख लिहिली.

आता शब्दांकडे येतो. 'मूळ किंमत' हे लेबल फारच मोघम आहे. मूळ म्हणजे कुठली? काल होती ती? उत्पादकाने सुचवलेली? दुसरीकडे मिळते ती? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रेघ फक्त पहिलीवर शोभते. उत्पादकाने सुचवलेली किंमत दाखवायची असेल तर दाखवा, पण तसं नाव देऊन आणि रेघ न मारता, कारण त्या किमतीला आपण कधी विकलेलीच नसते. सॅकच्या पानावर आम्ही खोडलेल्या २१५० खाली लहान पण वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं: 'सेलच्या आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत'. त्याखाली आणखी एक ओळ, मालकीणबाईंच्या आग्रहाखातर: 'सेल नसताना २४००'. तिच्यावर रेघ नाही, टक्के नाहीत. खरी माहिती आहे, आणि सॅक 'स्वस्तातली' वाटण्याची त्यांची काळजीही मिटली.

रेघेबद्दल एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डोळ्यांनी न पाहणारा माणूस पान वाचक सॉफ्टवेअरकडून ऐकतो, आणि अशी बरीच सॉफ्टवेअर रेघ मारलेला मजकूर साध्या मजकुरासारखाच वाचतात. मी ऐकून पाहिलं. "दोन हजार एकशे पन्नास एक हजार नऊशे पन्नास." कुठली द्यायची आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून दिसणार नाहीत पण ऐकू येतील असे शब्द घातले:

```html
<span class="visually-hidden">आधीची किंमत</span>
<s>2150</s>
<span class="visually-hidden">आताची किंमत</span>
<strong>1950</strong>
```

`<del>` ऐवजी `<s>` का, तर `<del>` हे दस्तऐवजातून मजकूर वगळल्याची खूण आहे आणि `<s>` म्हणजे आता लागू नसलेला मजकूर. जुनी किंमत दुसऱ्या प्रकारात मोडते. वूकॉमर्स स्वतः `<del>` वापरतं आणि नव्या आवृत्त्यांमध्ये असे लपलेले शब्दही घालतं, पण आमची थीम किमतीचा तुकडा स्वतःचाच छापत होती, त्यामुळे ते शब्द गळले होते. तुमची थीम काय करते ते पानाचा स्रोत उघडून एकदा पाहा.

राहिले ते पहिल्या तीन दिवसांत सॅक घेतलेले लोक. त्यांच्या खिशातून जास्त पैसे गेले नव्हते, नंतरच्या सगळ्यांइतकेच १९५० गेले. पण त्यांनी ३५ टक्के वाचतायत असं समजून निर्णय घेतला होता. मालकीणबाईंनी त्यांना मेल लिहिला. मी आधी केलेला मसुदा दीड पानांचा झाला होता, तो त्यांनी फेकून दिला. त्यांचा असा होता: "तुम्ही सॅक घेतलीत तेव्हा पानावर ३००० खोडलेले होते. ती किंमत फक्त नऊ दिवस होती, त्याआधी सॅक २४०० ला आणि पाच दिवस २१५० ला होती. ३५ टक्के सूट म्हणणं बरोबर नव्हतं. सॅक परत द्यायची असेल तर पाठवण्याचा खर्च आमचा." काही जणांनी परत केली, बहुतेकांनी ठेवली. पहिला मेल ज्यांनी केला होता त्यांना वरचा तक्ता जसाच्या तसा पाठवला.

९ टक्क्यांच्या सेलमध्ये ३५ टक्क्यांइतकी विक्री झाली का? नाही झाली. नंतरच्या दिवसांत सॅक पहिल्या तीन दिवसांपेक्षा सावकाश खपली, आणि थोडा जुना माल उरला. एका सेलवरून यापलीकडे काही म्हणण्यात अर्थ नाही. पहिले तीन दिवस कुठल्याही सेलचे जोरातच असतात.

सेल संपल्यावर सॅक २७०० ला लावली, कारण नवी खेप खरोखरच महाग पडली होती. दोन आठवडे गेले नाहीत तोच मालकीणबाईंचा फोन आला, उरलेल्या मालासाठी पुन्हा एक छोटा सेल घ्यायचा होता, २३०० ला. मी नोंदवही उघडली. आधीच्या ३० दिवसांत १९५० अजून बसलेले होते, त्यामुळे २३०० वर रेघ उमटणारच नव्हती. "मग कधी घेता येईल?" त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली. पलीकडून कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला, आणि मग, "म्हणजे तो पाच दिवसांचा सेल आपण घेतलाच नसता, तर गेल्या सेलला २४०० खोडता आले असते ना?"

आले असते.